चार पुढे, तीन खाली

डब्याच्या तळाशी रुपयाचं नाणं मेणाच्या ठिपक्यानं चिकटवलेलं असतं. मुलगी एक डोळा मिटून हळूहळू मागे सरकते. डब्याचा काठ नाण्याच्या आड येतो, ती "गेलं" म्हणते आणि तिथंच थांबते. मग दुसरं कुणीतरी बेताबेतानं पाणी ओततं आणि ती ओरडते, "सर, आलं!" वर्गात टाळ्या पडतात. एवढं झालं की अपवर्तन शिकवून झालं, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

एकदा टाळ्या ओसरल्यावर मी सगळ्यांना कोरा कागद दिला. पुस्तक मिटा आणि आत्ता जे घडलं त्याची आकृती काढा, एवढंच सांगितलं. कागद हातात आले तेव्हा माझंच तोंड उतरलं. निम्म्याहून अधिक मुलांनी डोळ्यातून निघून नाण्यापर्यंत जाणारा बाण काढला होता. काहींनी किरण वाकवला होता, पण पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, नाण्याजवळ. दोघातिघांनी नाणंच पाण्यात तरंगत दाखवलं होतं. आणि ज्यांना आकृती पाठ होती त्यांनी ती बिनचूक काढली होती, पण "नाणं नेमकं किती वर दिसतं, ते यात कुठून कळतं?" या प्रश्नावर त्यांची पेन्सिल थांबली.

तेव्हापासून मी नाण्याला आधी हात लावत नाही. आरशापासून सुरुवात करतो. नाण्याची आकृती सुटायला जी एक गोष्ट लागते, ती आरशात सोप्या रूपात सापडते.

थर्माकोलच्या तुकड्यावर कागद, कागदावर आडवी रेघ, रेघेवर उभा धरलेला आरशाचा तुकडा. आरसा पडू नये म्हणून त्याच्या पाठीला लाकडी ठोकळा लावून रबर अडकवायचं. समोर पाच सेंटिमीटरवर एक टाचणी उभी खोचायची. तिला 'वस्तू' म्हणू. आता डावीकडून, डोळा कागदाच्या पातळीला आणून, आरशातल्या टाचणीकडे बघायचं आणि तिच्या रेषेत दोन टाचण्या आरशाच्या अलीकडे अशा खोचायच्या, की तिन्ही एकामागे एक झाकल्या जातील. मग हेच उजवीकडून. आरसा काढून घेतला, की कागदावर दोन-दोन भोकांच्या दोन जोड्या राहतात. प्रत्येक जोडीतून रेघ ओढून ती आरशाच्या पलीकडे वाढवायची. दोन्ही रेघा आरशामागे जिथं छेदतात, तिथं प्रतिमा. मोजलं तर आरशापासून वस्तू जेवढी पुढे, तेवढीच ती मागे.

इथं मी एक नियम घालून देतो आणि तो वर्षभर मोडू देत नाही. प्रकाश ज्या वाटेनं खरोखर गेला, ती रेघ अखंड. डोळ्याला प्रकाश जिथून आल्यासारखा वाटतो, ती रेघ तुटक. टाचणीपासून आरशापर्यंत अखंड, आरशापासून डोळ्यापर्यंत अखंड, आरशामागे तुटक. आरशामागे प्रकाश गेलेलाच नाही, तिथं ठोकळा आहे. डोळ्याला मात्र किरण वाटेत वळला होता याचा पत्ता नसतो. तो आलेल्या किरणाची दिशा धरून नाकासमोर मागे जातो. एका किरणावरून त्याला फक्त दिशा कळते. जागा ठरायला दोन किरण लागतात, आणि त्यांच्या तुटक रेघा जिथं मिळतात ती जागा. नाण्याच्या आकृतीला लागणारी गोष्ट म्हणतो ती हीच.

बाणाचं भांडणही इथंच मिटवून टाकतो. खिडक्या लावून दिवा मालवला की डोळे उघडे असूनही टाचणी दिसत नाही. दृष्टी डोळ्यातून निघत असती तर दिवा असला काय नि नसला काय! बाण वस्तूकडून डोळ्याकडे.

कोनाच्या बाबतीत एकच चूक वारंवार होते. मुलं आरशाच्या पृष्ठभागापासून कोन मोजतात. किरण जिथं आपटतो तिथं आरशाला लंब काढायचा, त्या रेघेला स्तंभिका म्हणतात, आणि कोन तिच्यापासून मोजायचा. सपाट आरशात चुकीच्या बाजूनं मोजूनही दोन्ही कोन समानच येतात, त्यामुळे ही चूक लपून राहते. ती उघडी पडते थेट पाण्यात. म्हणून स्तंभिका काढल्याशिवाय मी किरण काढू देत नाही.

एका वर्षी एका मुलानं मोजमाप दाखवलं. टाचणी आरशापुढे ५० मिलिमीटर, प्रतिमा मागे ५४. "सर, चार मिलिमीटर जास्त येतंय." नीट काम करणारा मुलगा होता. त्यानं रेघ आरशाच्या पुढच्या कडेनं ओढली होती. आरसा तीन मिलिमीटर जाड, आणि चकाकी असते काचेच्या पाठीला. मी म्हटलं, मागच्या कडेनं ओढ. मग आलं पुढे ५३ आणि मागे ५१. आता दोन मिलिमीटर कमी! त्याचं मोजमाप दोन्ही वेळा बरोबर होतं. काचेतून बघताना पाठीवरची चकाकी आहे त्यापेक्षा जवळ दिसते, तीनऐवजी दोन मिलिमीटरवर. रेघ पुढच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत ओढली, तर पुढे ५२ आणि मागे ५२. म्हणजे आरशाच्या प्रयोगातही अपवर्तन गुपचूप येऊन बसलेलं असतं. पेन्सिलीचं टोक आरशाला टेकवून बघा. टोक आणि त्याची प्रतिमा एकमेकांना भिडत नाहीत, मधे फट दिसते. ती या काचेची.

आता डबा. स्टीलचा चकचकीत डबा घेऊ नये, हे मी अनुभवानं शिकलो. समोरच्या आतल्या भिंतीत नाण्याचं प्रतिबिंब पडतं आणि पाणी ओतण्याआधीच मुलं "दिसलं, दिसलं" म्हणू लागतात. ते दिसणं परावर्तनाचं असतं. आतून रंग न चमकणारा प्लास्टिकचा डबा बरा. दुसरी अडचण डोक्याची. पाणी चढू लागलं की उत्सुकतेनं मान नकळत वर होते, आणि मग पाण्याशिवायही नाणं दिसलं असतं. म्हणून पुठ्ठ्याला भोक पाडून तो उभा करायचा आणि भोकातूनच बघायचं. भोक कुठं, हे महत्त्वाचं आहे. डब्याच्या जवळच्या काठापासून ४० सेंटिमीटर मागे आणि काठाच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत.

पाणी ओतण्याआधी गणिताची चौकटीची वही उघडायची. एक चौकट म्हणजे एक सेंटिमीटर. डबा आतून १२ रुंद आणि ८ खोल, तेव्हा तेवढा आयत काढायचा. डावी भिंत ती डोळ्याकडची. नाणं साधारण दोन सेंटिमीटर रुंद असतं, ते तळाच्या मधोमध ठेवायचं, म्हणजे डाव्या भिंतीपासून ५ ते ७ या चौकटींत. डोळा डावीकडे वर आहे, ४० मागे आणि ३० वर. म्हणजे डोळ्यापासून काठाला घासून येणारी रेघ दर चार चौकटी पुढे जाताना तीन खाली उतरते. ती तशीच आत वाढवली, की आठ चौकटी खाली उतरेपर्यंत पावणेअकराच्या आसपास पोचते. त्याच्या अलीकडचा तळ काठाआड. पाच ते सातमधलं नाणं दिसायचा प्रश्नच नाही.

आता मनातल्या मनात डबा काठोकाठ भरायचा. किरण पाण्यातून हवेत येताना स्तंभिकेपासून दूर वळतो. मागे चालत गेलो तर हवेतून पाण्यात शिरताना तो स्तंभिकेकडे वळतो. स्तंभिका इथं उभी, कारण पाणी आडवं. किती वळतो? पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणजे चार भागिले तीन. आणि हवेत चार पुढे, तीन खाली जाणारी रेघ पाण्यात तीन पुढे, चार खाली जाते. त्रिकोण तोच, तीन-चार-पाचचा, फक्त उभा-आडवा बदलला. ज्यांना साइनचं कोष्टक अजून भेटलेलं नाही त्यांच्यासाठी डोळ्याची जागा मी मुद्दाम अशी धरली आहे.

तीन पुढे, चार खाली. सहा पुढे, आठ खाली. रेघ तळाला लागते ती भिंतीपासून बरोबर सहाव्या चौकटीवर, नाण्याच्या मध्यावर. म्हणजे भरलेल्या डब्यात नाण्याचा पलीकडचा अर्धा भाग दिसला पाहिजे. बाण मात्र उलटा द्यायचा, नाण्यापासून वर, पृष्ठभागावर वळून डोळ्यात. ही अखंड रेघ. मग डोळ्याचा भाबडेपणा. तो हवेतली रेघ सरळ पाण्यात वाढवतो, चार पुढे, तीन खाली. ही तुटक. नाण्याच्या मध्याच्या बरोबर वर ती रेघ तळापासून साडेतीन सेंटिमीटर उंचीवरून जाते. आकृतीत या दोन रेघांमधली फट उघड दिसते, आणि नाणं वर उचलल्यासारखं का वाटतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

इथं मी एक प्रश्न टाकतो. डबा अर्धाच भरला तर? वर्ग एकमुखानं म्हणतो, थोडं नाणं दिसेल. आता काढा. पाणी चार सेंटिमीटर, वरची चार सेंटिमीटर हवा. हवेतून चार खाली उतरेपर्यंत रेघ सव्वापाच चौकटी पुढे आलेली असते. मग पाण्यातून चार खाली, तीन पुढे. तळाला लागते आठच्याही पुढे. नाणं सातला संपतं. अर्ध्या डब्यात काहीच दिसत नाही! नाण्याची पहिली कड दिसू लागते ती पाणी सुमारे ६.३ सेंटिमीटर झाल्यावर. मग पट्टी उभी करून पाणी ओततो. सहा होईपर्यंत वर्ग कुजबुजत असतो, आणि साडेसहाच्या आत पुठ्ठ्यामागून आवाज येतो. भाकित दोनचार मिलिमीटर चुकतं, कारण नाणं अगदी मधोमध नसतं, भोक थोडं मोठं असतं. एक-दीड सेंटिमीटर चुकलं तर मात्र कुणीतरी मान हलवलेली असते. डबा काठोकाठ भरू नये. काठाशी पाणी भिंतीवर किंचित चढतं, तो वक्र पृष्ठभाग किरणाला भलतीकडे नेतो. अर्धा सेंटिमीटर रिकामा ठेवला की नाण्याचा सुमारे तिसरा हिस्सा दिसतो, आणि तेवढा पुरतो.

चार-तीनची जोडी फक्त या एका दिशेची. दुसऱ्या दिशेसाठी किरण पृष्ठभागाला जिथं भेटतो त्या बिंदूभोवती पाच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. हवेतला किरण वर्तुळाला छेदतो तो बिंदू स्तंभिकेपासून किती दूर आहे ते मोजायचं, त्याचा पाऊण घ्यायचा, आणि पाण्याच्या बाजूला, स्तंभिकेच्या पलीकडे, वर्तुळावर तेवढ्याच अंतरावरचा बिंदू जोडायचा. 'पलीकडे' हा शब्द मी दोनदा म्हणतो. किरण स्तंभिका ओलांडतो, तिच्यावर आपटून त्याच बाजूला परतत नाही. आरसा नुकताच शिकलेला असल्यामुळे ही चूक हमखास होते.

राहिलेला प्रश्न, नाणं किती वर? आरशाचा धडा इथं कामी येतो: दोन किरण. भरलेल्या डब्यात सरळ वरून बघतोय असं धरू. एक किरण नाण्यापासून ताठ वर, न वळता जातो. दुसरा किंचित तिरका, आठ सेंटिमीटर चढेपर्यंत दीड बाजूला सरकणारा. हवेत आल्यावर तो दर चार वर जाताना साधारण एक बाजूला जातो. त्याला तुटक रेघेनं मागे न्या. पहिल्या किरणाला तो पृष्ठभागाखाली सहा सेंटिमीटरवर भेटतो. आठची खोली सहा दिसते, पाऊण. ओढ्याचा चार फुटांचा डोह वरून बघताना तीन फुटांचा वाटतो तो यामुळे. तिरक्या नजरेनं तळ याहूनही वर आलेला दिसतो, आणि मग सगळ्या तुटक रेघा एका बिंदूत मिळतही नाहीत. आपली मघाची तिरकी रेघ नाण्यावरच्या ताठ किरणाला सहावर नाही, साडेचारवर छेदते. 'पाऊण खोली' हा नियम सरळ वरून बघणाऱ्यापुरता आहे.

पाण्यातलं नाणं हा प्रयोग फार जुना. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रकाशावरच्या आपल्या ग्रंथात तो वर्णन केला आहे. गंमत अशी, की टॉलेमी दृष्टीचे किरण डोळ्यातूनच निघतात असं मानत होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखंच! ही समजूत खोडून, प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो या पायावर सगळं दृष्टिशास्त्र नव्यानं मांडलं ते अकराव्या शतकात कैरोतल्या इब्न अल-हैथमनं. तरी टॉलेमीच्या आकृत्या चालल्या, कारण किरणाची वाट उलटसुलट एकच असते. बाण चुकला तरी रेघ चुकत नाही.

त्याच टॉलेमीनं हवा ते पाणी या कोनांचं कोष्टकही दिलं आहे. हवेत १० अंश तर पाण्यात ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, ४० ला २९, असं ८० ला ५० पर्यंत. दोन आकड्यांमधला फरक बघा: साडेसात, सात, साडेसहा. शेवटपर्यंत दर वेळी नेमका अर्धा अंश कमी. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. ६० अंशांचा त्याचा आकडा साडेचाळीस, तो अचूक आहे, पण ८० ला खरा कोन साडेसत्तेचाळीसच्या आसपास येतो. बहुधा त्यानं काही कोन मोजले आणि उरलेले नियमात बसवले. प्रयोगवहीत सगळे आकडे सुबक जुळलेले दिसले की मला टॉलेमी आठवतो. मी शेरा मारत नाही, फक्त म्हणतो, "बाळा, एकदा माझ्यासमोर मोज."

शेवटचा तास काचेच्या ग्लासाचा. यात नाणं वर येत नाही, चक्क नाहीसं होतं. कोरडं नाणं टेबलावर, त्यावर काचेचा सरळ उभा ग्लास. ग्लासाच्या बाजूनं नाणं दिसतंय. पाणी भरलं आणि वर बशी झाकली, की चहूबाजूंनी फिरून बघा, नाणं नाही! बशी कशाला, तर वरच्या पृष्ठभागातून ते अजून दिसत असतं, ती वाट बंद करायला.

आकृती काढायला वही तीच. नाणं आणि ग्लासाचा तळ यांच्यात हवेची फट आहे, तेव्हा प्रकाश हवेतून पाण्यात शिरतो आणि शिरताना स्तंभिकेकडे, म्हणजे उभ्या रेषेकडे वळतो. मधली काच वगळली तरी चालतं, सपाट समांतर थर शेवटच्या कोनात फरक करत नाही. नाण्यापासून अगदी आडवा निघालेला किरणही पाण्यात उभ्या रेषेपासून ४९ अंशांपलीकडे झुकू शकत नाही. सगळे किरण एका सुळक्यात कोंडलेले. आता हे किरण ग्लासाच्या बाजूच्या भिंतीला भेटतात. तिथली स्तंभिका आडवी, म्हणून तिच्याशी त्यांचा कोन ४१ अंश किंवा त्याहून जास्त. आणि पाण्यातून हवेकडे जाताना ४९ अंशांहून मोठ्या कोनानं आलेला प्रकाश बाहेर पडतच नाही, सगळा आत परततो. पूर्ण आंतरिक परावर्तन. आरसा आणि पाणी हे दोन धडे इथं एकाच भिंतीवर येऊन भेटतात.

एका चौकस मुलीनं विचारलं, "सर, ४१ आणि ४९ च्या मधले?" बरोबर विचारलं. ते निसटतात. पण बाहेर येताना ते इतके वर वळतात, की क्षितिजापासून ६२ अंशांहून अधिक उंचीवरून, जवळजवळ ग्लासाच्या डोक्यावरून, बघावं लागतं. शिवाय ते नाण्याला घासून निघालेले, अशक्त. बाजूला बसलेल्याच्या डोळ्यात ते येत नाहीत.

"मग ती फटच काढून टाकली तर?" हे तिनं स्वतःच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ग्लास उचलून बशीत पाणी ओतलं, नाणं त्यात बुडवलं, ग्लास वर ठेवला. काही दिसेना. ती हिरमुसली. ग्लासाचा तळ मधे किंचित आत गेलेला होता, त्याखाली हवेचा बुडबुडा अडकला होता. तिनं ग्लास एका बाजूला कलवला, बुडबुडा कडेनं निसटून वर आला, आणि पाण्याच्या भिंतीतून रुपयाचं नाणं लख्ख दिसू लागलं.